निरोपाचे चित्र विनोदी होते, पण चेहरा आपल्या माणसाचा राहत नाही : कारणे आणि उपाय

आमच्या कार्यालयात दर दोन-तीन महिन्यांनी कोणी ना कोणी सेवानिवृत्त होते. पूर्वी निरोपाला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ दिले जाई. गेल्या वर्षापासून त्यांच्या जोडीला एक फ्रेम केलेले विनोदी चित्रही दिले जाते. निवृत्त होणाऱ्याचा फोटो चित्र काढणाऱ्या एआय साधनाला द्यायचा, त्यांचे छंद सांगायचे आणि आलेले चित्र छापून घ्यायचे, एवढे ते सोपे वाटते. तरीही प्रत्येक वेळी एकच तक्रार येते. चित्र सुरेख असते, रंग झकास असतात, पोहणे असते, फुटबॉल असतो, पण मधला माणूस भलताच कोणीतरी असतो. हे काम माझ्याकडे असल्यामुळे या एकाच बिघाडाशी मी बराच झगडलो आहे. त्याची कारणे आणि मला उपयोगी पडलेले उपाय येथे एका उदाहरणाच्या आधाराने लिहितो.

उदाहरण आमच्या लेखा विभागातील मुख्य लिपिकांचे आहे. सगळे कार्यालय त्यांना आबा म्हणते, म्हणून मीही तेच म्हणतो. वय ५८. पहाटे पंचगंगेत पोहणे हा त्यांचा नेम, हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना पाहणे हा दुसरा नेम, घरी गच्चीवर गुलाबाच्या कुंड्या, आणि मिसळ. मिसळ हा छंद कोल्हापुरात कोणाच्याच नावावर वेगळा लिहिता येत नाही, पण सहकाऱ्यांनी दिलेल्या यादीत ती होती म्हणून मी पहिल्या प्रॉम्प्टमध्ये घातली. तो प्रॉम्प्ट असा होता :

```
या फोटोवरून निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याचे विनोदी कार्टून बनवा.
त्यांना पोहणे, फुटबॉल, बागकाम आणि मिसळ आवडते.
```

आलेल्या चित्रात सत्तरीपुढचे, पांढऱ्या दाढीचे, हातात काठी घेतलेले एक गोरेपान आजोबा होते. एका हातात फुटबॉल, दुसऱ्या हातात झारी, डोळ्यांवर पोहण्याचा गॉगल आणि पायाशी लाल सुपाचा वाडगा. आबांना दाढी नाही, ते सावळे आहेत आणि काठी त्यांनी कधी हातात धरलेली नाही. चित्र पाहून शिपाईमामांनी विचारले, "हे कोण, साहेबांचे वडील काय?"

बिघाड आहे हे ओळखायचे कसे

आपण स्वतः ते चित्र तयार केलेले असल्याने आपल्याला त्यात आबा दिसू लागतात; डोळे फसतात. म्हणून मी एक साधी परीक्षा घेतो. चित्रातील चेहरा सोडून बाकी सगळे कागदाने झाकायचे आणि ज्याला या कामाची कल्पना नाही अशा सहकाऱ्याला दाखवून "कोण?" एवढेच विचारायचे. दोन-तीन सेकंदांत नाव आले तर चेहरा जमला. समोरचा माणूस घुटमळला आणि कागद काढून फुटबॉल दिसल्यावर "अरे, आबा!" म्हणाला, तर त्याने फुटबॉल ओळखला, आबांना ओळखलेच नाही. पहिल्या चित्रावर ही परीक्षा घेतली तेव्हा चौघांपैकी एकालाही नाव सांगता आले नाही.

मूळ कारण : आपण व्यंगचित्र मागतो, हवे असते अर्कचित्र

मराठीत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत, आणि हा भेद लक्षात घेतला की अर्धे काम होते. व्यंगचित्रात प्रसंगाची गंमत असते. त्यातला माणूस कोणीही असला तरी चालते. अर्कचित्रात एका विशिष्ट चेहऱ्याचा अर्क काढलेला असतो, म्हणजे इतर चेहऱ्यांपेक्षा त्या चेहऱ्यात जे वेगळे आहे तेवढेच वाढवलेले असते. "विनोदी कार्टून" एवढेच सांगितले की साधन पहिल्या प्रकारचे चित्र काढते आणि चेहऱ्याच्या बाबतीत त्याला ठाऊक असलेल्या सरासरी कार्टूनकडे झुकते : मोठे डोळे, गोल नाक, रुंद हसू. फोटोतली माणसाची खूण नेमकी या सरासरीत बुजते.

त्यातच "निवृत्त" हा शब्द नुकसान करतो. राज्य शासनाच्या सेवेत बहुतेक कर्मचारी ५८ व्या वर्षी निवृत्त होतात आणि त्या वयाचा माणूस आपल्या डोळ्यांना म्हातारा दिसत नाही. पण साधनाने पाहिलेल्या चित्रांमध्ये निवृत्तीबरोबर पांढरे केस, काठी आणि आरामखुर्ची येते. म्हणून प्रॉम्प्टमधून हा शब्द मी पूर्णपणे काढून टाकतो. निवृत्ती आहे हे वर लिहिलेल्या मजकुरातून कळतेच. चित्राला ते सांगण्याची गरज नाही. त्याऐवजी वय आकड्यात लिहितो आणि केस, मिशी, त्वचेचा रंग फोटोप्रमाणेच ठेवावा असे स्पष्ट सांगतो. त्वचेचा उल्लेख अनावश्यक वाटेल, पण तो गाळला की सावळा माणूस हमखास उजळ होऊन येतो.

फोटोत तो माणूस आहे का?

पहिल्या वेळी मी आबांचा ओळखपत्रावरचा फोटो दिला होता. तो समोरून, फ्लॅश मारून, ओठ मिटून काढलेला. फ्लॅशमुळे नाकाच्या आणि गालाच्या सावल्या नाहीशा होतात आणि चेहरा सपाट दिसतो. शिवाय छायाचित्रकाराने चष्मा सरळ करायला लावला होता. त्या फोटोत आबांचे नाक-डोळे होते, पण आबा नव्हते.

मग मी तीन सहकाऱ्यांना वेगवेगळे गाठून डोळे मिटायला सांगितले आणि आबा कसे दिसतात ते विचारले. तिघांनीही एकमेकांना न विचारता जवळजवळ तेच सांगितले : चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि नजर काचेच्या वरून, व्हाउचर खटकले की एकच भुवई वर, आणि कानामागे बॉलपेन. टक्कल किंवा पोट यांचा उल्लेख कोणीच केला नाही, हे मला बरे वाटले, कारण शरीरावरचा विनोद निरोपाच्या दिवशी कुटुंबासमोर अंगावर येतो, तर सवयीवरचा विनोद सगळ्यांत आधी घरची मंडळी मान्य करतात. अर्कासाठी अशा दोन किंवा तीनच खुणा घ्याव्यात. पाच-सहा गोष्टी एकदम वाढवल्या की सगळेच मोठे होते आणि काहीच उठून दिसत नाही.

या तीन खुणा दिसतील असा फोटो शोधायला दोन दिवस लागले. तो शेवटी त्यांच्या मुलाकडे सापडला. गच्चीवर, दिवसाच्या उजेडात, थोड्या तिरक्या कोनातून काढलेला. आबांच्या निरोपाचे गुपित राखायचे होते, म्हणून तो फोटो अशा साधनाला देण्याची परवानगीही मुलाकडून आणि वहिनींकडून घेतली. समूहफोटो असेल तर बाकीचे चेहरे आधी कापून टाकावेत. ते सौजन्याचे तर आहेच, शिवाय साधन शेजाऱ्याची मिशी उचलून आपल्या माणसाला लावते, तेही टळते.

फोटोबाबत दोन गोष्टी आणखी तपासाव्यात. हात लांब करून काढलेल्या सेल्फीत कॅमेरा चेहऱ्याच्या फार जवळ असल्याने नाक मोठे आणि कान लहान दिसतात. त्यावर अतिशयोक्ती चढवली की ती माणसाची न होता कॅमेऱ्याच्या दोषाची होते. दीड-दोन मीटरवरून दुसऱ्याने काढलेला फोटो उत्तम. दुसरे म्हणजे व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो, आणि तो पाच गटांतून फिरून आलेला असेल तर भुवयांचे केसही उरत नाहीत. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवून घ्यावी.

आधी डोके, नंतर छंद

एकाच प्रॉम्प्टमध्ये चेहरा आणि चार छंद मागितले की छंद जागा खातात. चित्र १०२४ बाय १०२४ पिक्सेलचे असेल आणि त्यात नदी, मैदान, कुंड्या व वाडगा बसवायचा असेल, तर माणूस लहान होतो आणि त्याचा चेहरा शंभरेक पिक्सेलांत उरकावा लागतो. तेवढ्यात वर चढलेली एक भुवई आणि दोन्ही वर चढलेल्या भुवया यांत फरक दाखवायलाच जागा नसते. म्हणून पहिल्या टप्प्यात फक्त डोके आणि खांदे मागवतो :

```
सोबतच्या फोटोतील व्यक्तीचे डोके व खांदे दाखवणारे अर्कचित्र काढा.
वय ५८. केस, मिशी, त्वचेचा रंग फोटोप्रमाणेच.
अतिशयोक्ती फक्त तीन ठिकाणी :
१) आयताकृती काळ्या फ्रेमचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर, नजर काचेच्या वरून.
२) पाहणाऱ्याच्या उजव्या हाताची भुवई खूप वर, दुसरी सरळ.
३) कानामागे निळे बॉलपेन, नेहमीपेक्षा मोठे.
डोळ्यांतील अंतर, नाक, हनुवटी, कान जसेच्या तसे.
पार्श्वभूमी पूर्ण कोरी, पांढरी.
```

"पाहणाऱ्याच्या उजव्या हाताची" हे मुद्दाम लिहिले आहे. "डावी भुवई" म्हटले की माणसाची डावी की चित्राची डावी हा घोळ होतो, आणि सेल्फी आरशासारखी उलटलेली असेल तर तो दुप्पट होतो. तसेच काय वाढवायचे यापेक्षाही काय वाढवायचे नाही ही शेवटून दुसरी ओळ जास्त काम करते. ती नसताना आबांचे नाक दर वेळी बटाट्यासारखे येत होते.

या टप्प्यावर सहा चित्रे काढली. पहिल्या दोनमध्ये दोन्ही भुवया वर होत्या आणि आबा चकित झालेले दिसत होते, संशयी नव्हे. "दुसरी सरळ" हे शब्द त्यानंतर घातले. चौथ्यात चष्मा गोल झाला, म्हणून फ्रेमचा आकार घातला. सहावे चित्र झाकून दाखवण्याच्या परीक्षेत चौघांपैकी चौघांनी ओळखले. त्यातल्या एकाने तर लगेच हातातले बिल मागे लपवले.

एखादी गोष्ट नको असेल तर "दाढी नको" असे लिहिण्यापेक्षा "गाल आणि हनुवटी गुळगुळीत दाढी केलेली" असे लिहावे. नकारात आलेली वस्तूही अनेकदा चित्रात डोकावते, हे मी काठीच्या बाबतीत दोनदा अनुभवले.

छंद चार, विनोद एक

दुसऱ्या टप्प्यात छंदांची यादी देण्याऐवजी एकच प्रसंग ठरवावा आणि उरलेले छंद त्यात एखाद्या वस्तूपुरते यावेत. आबांच्या बाबतीत प्रसंग त्यांच्या कामातूनच मिळाला. येथे तालमींचे संघ एकमेकांना भिडतात तेव्हा अख्खे स्टेडियम उभे राहून ओरडत असते. अशा वेळी आबा मांडीवर वही उघडून गोलांची जमा-नावे अशी नोंद करत बसले आहेत, हीच गंमत. पोहण्यासाठी गळ्यात ओला पंचा पुरला, गुलाबासाठी खिशाला एक फूल पुरले आणि मिसळ मी काढून टाकली. साधनाला मिसळ नीट येतही नाही. फरसाणाऐवजी शेवया आणि कटाऐवजी टोमॅटोचे सूप येते.

येथे एक स्थानिक अडचण सांगणे भाग आहे. आपल्या वस्तूंची नावे दिली की साधन जवळची, पण परकी वस्तू काढते. "कोल्हापुरी फेटा" म्हटले की कधी राजस्थानी साफा येतो, कधी शीख पगडी. "कोल्हापुरी चप्पल" म्हटले की रबरी स्लीपर येते. "तालमीचा आखाडा" म्हटले की दोऱ्यांचे बॉक्सिंगचे रिंगण येते. उपाय एकच, नावाऐवजी वस्तूचे वर्णन करावे : "कापडाच्या पिळदार घड्या, वर पंख्यासारखा उभा तुरा, पाठीवर लांब सोडलेला शेमला"; "सपाट तपकिरी चामडी चप्पल, अंगठ्यासाठी चामड्याचे कडे, वर वेणीसारखी गुंफलेली चामड्याची पट्टी"; "छपराखाली खोदलेला लाल मऊ मातीचा चौकोनी हौद". आबांच्या डोक्यावर फेटा घातला नाही, कारण तो भुवयांवर येतो आणि आपला मुख्य अर्क तेथेच आहे. टोपी, फेटा, गॉगल या वस्तू विनोदाला सोयीच्या वाटतात, पण ओळखीच्या मुळावर येतात.

```
पहिले चित्र : मूळ फोटो. दुसरे चित्र : मंजूर झालेले डोके.
दुसऱ्या चित्रातील चेहरा, चष्मा, भुवया, पेन तसेच ठेवून दृश्य काढा.
फुटबॉल मैदानाच्या सिमेंटच्या पायऱ्यांवर ते शांत बसून
लाल कापडी पुठ्ठ्याच्या लांब हिशेबवहीत लिहीत आहेत.
आजूबाजूचे सगळे उभे राहून ओरडत आहेत, त्यांचे चेहरे अस्पष्ट.
गळ्यात ओला पंचा, शर्टाच्या खिशाला एक लाल गुलाब.
डोके चित्राच्या उंचीच्या एक-तृतीयांश. उभे चित्र.
वरचा एक-पंचमांश भाग कोरे आकाश.
```

"डोके चित्राच्या उंचीच्या एक-तृतीयांश" ही अट सोडू नये. अर्कचित्रात मोठे डोके आणि लहान धड चालतेच, आणि चेहऱ्याला लागणारी जागाही त्यातून मिळते. आजूबाजूचे चेहरे अस्पष्ट ठेवण्याचे कारणही तेच. नाहीतर आबांचा चष्मा गर्दीतल्या चौघांना वाटला जातो.

दुरुस्ती करता करता चेहरा पुन्हा हरवतो

हा भाग सर्वांत फसवा आहे. चित्र जवळजवळ जमलेले असते, फक्त पंचाचा रंग बदलायचा असतो. आपण आलेल्या चित्रावरच "पंचा पांढरा करा" म्हणतो, मग "गुलाब मोठा करा", मग "मैदान हिरवे करा". बहुतेक साधने सांगितलेला भाग तेवढाच न बदलता प्रत्येक वेळी पूर्ण चित्र नव्याने रेखाटतात, आणि दर फेरीला चेहरा किंचित सरासरीकडे सरकतो. एका फेरीतला फरक दिसत नाही. मी पाचव्या फेरीतले चित्र पहिल्याशेजारी ठेवले तेव्हा मिशी दाट झाली होती, चष्मा वर सरकला होता आणि भुवई खाली आली होती. म्हणजे तिन्हीपैकी दोन खुणा गेल्या होत्या आणि मी पंचाकडे पाहत बसलो होतो.

म्हणून सगळ्या दुरुस्त्या कागदावर लिहून काढाव्यात, त्या मूळ प्रॉम्प्टमध्ये एकत्र घालाव्यात आणि पुन्हा मूळ फोटो व मंजूर डोके यांपासूनच सुरुवात करावी. साधनात फक्त ठरावीक भाग निवडून बदलण्याची सोय असेल, तर चेहऱ्यापासून दूरच्या वस्तूंसाठी ती वापरावी. प्रत्येक नव्या चित्राची झाकून परीक्षा घ्यावी, कंटाळा आला तरी.

एवढे करूनही काही चेहरे हट्टी असतात. ज्यांची ओळख हालचालीत किंवा आवाजात असते, नाकडोळ्यांत ठळक काही नसते, त्यांचे अर्कचित्र मला अजून नीट जमलेले नाही. अशा वेळी आठ-दहा प्रयत्नांनंतर थांबून मूळ फोटोतला चेहरा साध्या शैलीत, अतिशयोक्तीशिवाय ठेवतो आणि सगळा विनोद प्रसंगावर सोडतो. चुकीच्या चेहऱ्याच्या विनोदापेक्षा ते बरे दिसते.

अक्षरे आणि छपाई

"सेवापूर्तीच्या हार्दिक शुभेच्छा" हा मजकूर साधनाकडून लिहून घेण्याचा मोह आवरावा. जोडाक्षरे आणि रफार यांत ते वारंवार चुकते, आणि ती चूक दुरुस्त करण्यासाठी आणखी फेऱ्या केल्या की चेहरा बिघडतो. वरचा भाग त्यासाठीच कोरा ठेवला आहे. मजकूर नंतर फोनवरील कोणत्याही फोटो संपादनाच्या ॲपमध्ये टाकावा आणि तो चित्राचाच भाग करून जेपीजी किंवा पीडीएफ द्यावी. नुसता मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवला तर फ्लेक्सच्या दुकानातील जुन्या फॉन्टमध्ये तो पुन्हा टाइप होतो आणि "सेवापुर्ती" छापून येते. आमच्याकडे एकदा तसे झाले आहे आणि ती फ्रेम आजही कोणाच्या तरी दिवाणखान्यात आहे.

आकाराचा हिशेब आधी करावा. १०२४ बाय १५३६ पिक्सेलचे उभे चित्र ए-४ कागदावर छापले तर इंचाला साधारण १२५ ठिपके पडतात. ठळक रेषांच्या चित्राला फ्रेममध्ये तेवढे चालून जाते. तेच चित्र दोन बाय तीन फुटांच्या फ्लेक्सवर नेले तर इंचाला ४२-४३ ठिपके उरतात. व्यासपीठामागे दुरून ते खपते, पण जवळ उभे राहून फोटो काढणाऱ्यांना चेहरा धुरकट दिसतो. चित्र मोठे करणारी साधने वापरता येतात, मात्र त्यांतील "चेहरा सुधारा" हा पर्याय बंद ठेवावा. तो पर्याय चेहरा स्वच्छ करताना भुवया सारख्या पातळीवर आणतो, आणि आपण दोन दिवस खपून वर चढवलेली भुवई एका क्लिकमध्ये खाली उतरते.

आबांचे चित्र ए-४ आकारातच छापले. निरोपाच्या दिवशी त्यांनी फ्रेम हातात घेतली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर सरकवला, चित्रातली हिशेबवही नीट न्याहाळली आणि डावी भुवई वर करून विचारले, "नावे बाजूची बेरीज कुठाय?"